साहेबांना सीसीत ठेवून आलेल्या मेलला लेखी उत्तर कसं द्यायचं

*“सर, मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत प्लॅनिंगला आहे. शुक्रवारी रात्री साडेआठला प्रॉडक्शन मॅनेजरांनी १४ जणांना मेल टाकला. प्लांट हेड आणि डायरेक्टर साहेब सीसीत. ‘चाकणचा माल आज पुन्हा निघाला नाही. प्लॅनिंगने शेड्यूल उशिरा दिलं. अशा निष्काळजी लोकांमुळे कंपनीचं नाव खराब होतं. कामात लक्ष नसेल तर तसं सांगावं.’ शेड्यूल सोमवारी आलं आणि मी ते मंगळवारी संध्याकाळी पुढं दिलं, हे खरं आहे. पण बुधवारी कोअर शूटर बंद पडला होता, त्याचा कुठं उल्लेख नाही. मैत्रीण म्हणते त्याच भाषेत सगळ्यांसमोर उत्तर दे, घरचे म्हणतात गप्प बस. लेखी काय देऊ?”*

ताई, उत्तर द्यायचं, सगळ्यांना द्यायचं आणि एकदाच द्यायचं. पण ते मॅनेजरांना उद्देशून लिहायचं नाही. त्या १४ जणांपैकी तुमच्या कामाबद्दल मत बनवणारी माणसं दोन, प्लांट हेड आणि डायरेक्टर. त्यांना या वादातलं काहीच माहीत नाही. त्यांच्यापुढे आत्ता एकच कागद आहे आणि तो दुसऱ्याने लिहिलेला आहे. तुमचं उत्तर हा त्यांच्यासाठी दुसरा कागद.

मी सव्वीस वर्षं शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या कारखान्यांत एचआरचं काम करतोय. आपल्याकडे शॉप फ्लोअरवर आवाज चढणं नवीन नाही. सकाळी मोल्डिंग लाइनवर दोघांची जुंपते आणि दुपारच्या चहाला तेच दोघे एका बाकावर बसलेले दिसतात. तोंडावर बोललेलं तिथंच विरतं. मेल विरत नाही. तो अप्रेझलच्या वेळी शोधून काढता येतो आणि बदलून आलेल्या नव्या साहेबाला फॉरवर्ड करता येतो. म्हणून घरच्यांचा सल्ला मला इथं पटत नाही. गप्प बसणं म्हणजे कायद्याने कबुली होत नाही, पण सहा महिन्यांनी तो मेल कोणी उघडला आणि खाली काहीच नसेल, तर वाचणारा ‘हिला मान्य होतं’ असंच समजतो.

मैत्रिणीचा सल्ला त्याहून महाग पडतो. सुरुवातीच्या काळात मी स्वतः एका कारखान्यात अशाच मेलला अर्ध्या तासात, सगळ्यांना, शब्दाला शब्द लावून उत्तर दिलं होतं. माझा मुद्दा बरोबर होता. पण दुसऱ्या दिवशी मालकांनी दोघांना आत बोलावलं आणि चर्चा झाली ती दोघांच्या भाषेवर. मूळ चूक कुणाची हे त्या खोलीत कोणी विचारलंच नाही. पहिला मेल अपमानकारक असतो तेव्हा वाचणाऱ्यांच्या मनात लिहिणाऱ्याबद्दल नाराजी आलेलीच असते. तुम्ही तशाच भाषेत लिहिलंत की ती नाराजी दोघांत वाटली जाते.

आता वेळेचं. शुक्रवारी रात्री काहीही पाठवू नका, आणि सोमवारपर्यंत थांबूही नका. शनिवारी सकाळी अकराच्या आत उत्तर गेलेलं बरं. मसुदा रिप्लायच्या खिडकीत लिहू नका, नोटपॅडमध्ये नाहीतर कागदावर लिहा. चुकून गेलेला मेल परत घेता येईल या भरवशावर राहू नका. जीमेलमध्ये पाठवलेला मेल थांबवायला जास्तीत जास्त ३० सेकंद मिळतात. आउटलुकचं रिकॉल एकाच कंपनीच्या सर्व्हरच्या आतच चालतं. आणि समोरच्याच्या मोबाइलवर नोटिफिकेशनमध्ये पहिली ओळ दिसून गेली असेल, तर मेल मागे घेऊनही उपयोग नाही.

लिहायच्या आधी त्यांचा मेल वाक्यावाक्याने सोडवा. माझ्याकडे कोणी असा मेल घेऊन आलं की मी तो प्रिंट करतो आणि पेन्सिलीने प्रत्येक वाक्यावर खूण करतो: हे रजिस्टर बघून खरं-खोटं करता येतं का? ‘चाकणचा माल आज निघाला नाही’, येतं. ‘शेड्यूल उशिरा दिलं’, येतं. ‘निष्काळजी लोक’, नाही येत, ते मत आहे. ‘लक्ष नसेल तर सांगावं’ हा टोमणा आहे. खूण झालेल्या वाक्यांनाच उत्तर द्यायचं. बाकीच्यांना एका शब्दानेही हात लावायचा नाही. ‘मी निष्काळजी नाही’ असं लिहिलंत की तो शब्द त्या साखळीत तुमच्या नावासमोर दुसऱ्यांदा येतो, आणि या वेळी तुमच्याच हाताने.

‘पुन्हा’ या शब्दावर मात्र थांबा. तो टोमण्यासारखा वाटतो, पण ते तपासता येणारं विधान आहे. गेल्या तीन महिन्यांचं डिस्पॅच रजिस्टर काढा आणि या ग्राहकाचा माल किती वेळा चुकला, त्यातल्या किती वेळा शेड्यूल उशिरा गेलं होतं, ते मोजा. एकदाही नसेल तर ‘याआधीच्या तीन महिन्यांत शेड्यूलच्या उशिरामुळे या ग्राहकाचा माल थांबल्याची नोंद नाही’ असं एक वाक्य उत्तरात जाऊ शकतं. एकदा जरी असेल तर त्या शब्दाला उत्तर देऊ नका. मोजदाद न करता ‘असं पहिल्यांदाच झालं’ लिहिणारे मी पाहिलेत, आणि तासाभरात जुना मेल जोडून आलेलं उत्तरही पाहिलंय.

नंतर नोंदी. मनातल्या वेळा चालत नाहीत, कागदावरच्या हव्यात. ग्राहकाच्या शेड्यूलची वेळ त्यांच्या मेलवर आहे. तुम्ही पुढं दिल्याची वेळ तुमच्या मेलवर किंवा ईआरपीत आहे. कोअर शूटर बंद पडल्याची वेळ मेंटेनन्सच्या ब्रेकडाउन रजिस्टरमध्ये असेल, ते स्वतः डोळ्यांनी बघा. ऑपरेटरने तोंडी सांगितलेली वेळ आणि रजिस्टरमधली वेळ यात बऱ्याचदा तास-दोन तासांचा फरक असतो. मेलमध्ये रजिस्टरचीच वेळ जायला हवी, ती तुम्हाला थोडी गैरसोयीची असली तरी. आणि रजिस्टरमध्ये ब्रेकडाउनची नोंदच नसेल तर तो मुद्दा मेलमध्ये घालू नका. त्यासाठी आधी मेंटेनन्सच्या माणसाशी बोलावं लागेल.

शेवटची तयारी म्हणजे माल कधी निघतो ते विचारणं. डायरेक्टर साहेबांना सर्वांत आधी हेच हवं असतं. फेटलिंगच्या सुपरवायझरला आणि डिस्पॅचला सकाळी स्वतः जाऊन विचारा आणि त्यांनी दिलेली वेळच लिहा. दुसऱ्याच्या खात्याची वेळ न विचारता सगळ्यांसमोर जाहीर केली आणि ती चुकली, तर पुढचा मेल तुमच्यावरच येणार आणि त्या वेळी तो खरा असणार.

तुमच्या प्रश्नात नगसंख्या आणि नेमक्या वेळा नाहीत, त्या मी समजण्यासाठी घातल्यात. तुमचे आकडे तिथं भरा. तुमच्याकडे मेल इंग्रजीत जात असतील तर हाच मजकूर तितक्याच साध्या इंग्रजीत लिहा. साखळीतली नावं आहेत तशीच ठेवून:

> आदरणीय सर,
>
> चाकणच्या ४०० नगांपैकी २४० नग आज संध्याकाळी ६ च्या गाडीने आणि उरलेले १६० उद्या दुपारी निघतील. ही वेळ आज सकाळी फेटलिंग आणि डिस्पॅचकडून घेतली आहे. ग्राहकाला ९.४० ला फोनवर कळवलं आहे.
>
> नोंदींप्रमाणे घटनाक्रम असा आहे. सोमवारी सकाळी १०.४० ला ग्राहकाचं बदललेलं शेड्यूल मिळालं. मंगळवारी संध्याकाळी ५.१५ ला मी ते प्रॉडक्शनला दिलं. ते सोमवारीच द्यायला हवं होतं, हा उशीर माझ्याकडून झाला. बुधवारी सकाळी ११.३० ते गुरुवारी सकाळी १० कोअर शूटर बंद होता (ब्रेकडाउन रजिस्टर). गुरुवारी दुपारी १२ ला मोल्डिंग सुरू झालं.
>
> यापुढे बदललेलं शेड्यूल मिळाल्यापासून दोन तासांत मी प्रॉडक्शनला पाठवीन आणि पोच घेईन.
>
> बाकी तपशील मी प्रॉडक्शन मॅनेजर साहेबांना भेटून बोलते.

एवढंच. मोबाइलवर दोनदा बोट फिरवलं की संपायला हवं.

यात तुमची चूक एकाच वाक्यात, वेळेसकट आहे. ‘क्षमस्व, माझ्यामुळे सगळ्यांना त्रास झाला’ असं लिहिलं असतं तर दोन्ही दिवसांचा उशीर तुमच्या माथी आला असता. उशीर एका दिवसाचा होता, म्हणून कबुलीही एका दिवसाचीच. आणि ती द्यायलाच हवी. ती वगळून फक्त कोअर शूटरचं लिहिलंत तर मॅनेजर लगेच सोमवारचा मेल काढतील आणि तुमची बाकीची खरी वाक्यंही संशयात जातील.

कबुलीच्या पुढे ‘पण’ नाही, हेही बघा. ‘उशीर झाला पण कोअर शूटरही बंद होता’ हे बचावासारखं वाचलं जातं. ‘पण’ काढला की ती फक्त पुढची नोंद राहते आणि वाचणारा स्वतः हिशोब करतो. कोअर शूटरचं खातं कुणाचं, हेही मी मुद्दाम लिहिलेलं नाही. कारखान्यात ते सगळ्यांना माहीत असतं. ते तुम्ही लिहिलंत तर मेंटेनन्सचा माणूस विनाकारण तुमच्या विरोधात उभा राहतो, आणि पुढच्या आठवड्यात तुम्हाला त्याच्याकडूनच काम करून घ्यायचंय.

सीसीबद्दल दोन चुका फार होतात. पहिली म्हणजे सीसीतली नावं काढून फक्त मॅनेजरांना उत्तर देणं. हेतू चांगला असतो, पण आरोप १४ जणांकडे आणि उत्तर एकाकडे, असं होतं. दुसरी म्हणजे नवी नावं घालणं, एचआर किंवा स्वतःच्या ओळखीचे दुसरे साहेब. मग दुसरा कागद पहिल्याहून मोठा होतो आणि वाद तुम्ही वाढवला असं दिसतं. आणि बीसीसीत तर कुणालाच, कधीही ठेवू नका. बीसीसीतल्या माणसाने घाईत ‘रिप्लाय ऑल’ दाबलं की तुम्ही त्याला लपवून ठेवलं होतं हे सगळ्यांना कळतं, आणि तिथून तुमच्या बाजूने बोलायला कोणी उरत नाही.

अपमानाचं काय? ते या उत्तरात येत नाही, पण ते सोडून द्यायचंही नाही. त्यासाठी वेगळं बोलणं आणि वेगळा मेल, फक्त मॅनेजरांना. आधी समोरासमोर भेटा, केबिनमध्ये, दोघंच. आपल्या भागात एवढ्याने अर्धी प्रकरणं मिटतात. बऱ्याच मॅनेजरांना डायरेक्टरकडून त्याच संध्याकाळी फोन आलेला असतो आणि तो ताण त्यांनी मेलवर उतरवलेला असतो. याने त्यांचं वागणं बरोबर ठरत नाही, पण काय मागायचं ते कळतं. ‘तुम्ही माझा अपमान केला’ असं सुरू केलंत तर ते नाकारतील. एक ठोस गोष्ट मागा. मग त्याच दिवशी दोन-चार ओळी लिहा:

> साहेब, आज दुपारी बोलणं झाल्याप्रमाणे लिहिते. शेड्यूलच्या उशिराची जबाबदारी मी घेतली आहे. शुक्रवारच्या मेलमधली ‘निष्काळजी’ आणि ‘लक्ष नसेल तर’ ही वाक्यं १४ जणांसमोर आल्याने मला त्रास झाला. यापुढे प्लॅनिंगकडून काही चुकलं तर आधी मला फोन करावा किंवा मला आणि प्लांट हेड साहेबांना मेल करावा, ही विनंती. मी त्याच दिवशी उत्तर देईन.

इथं त्यांचे शब्द अवतरणात घेतलेत, कारण हा मेल पुढे लागला तर नेमकं काय लिहिलं होतं ते त्यातच सापडायला हवं. ‘तुमची भाषा योग्य नव्हती’ हे मत झालं, त्यावर वाद होतो. अवतरणावर होत नाही. बोलणं झालंच नाही, त्यांनी टाळलं, तर पहिलं वाक्य बदला: ‘आज भेटायचा प्रयत्न केला, वेळ मिळाली नाही, म्हणून लिहिते.’ झालं नसलेलं बोलणं झालं असं कधी लिहू नका.

तुमच्या सगळ्यांना गेलेल्या उत्तरावर ते पुन्हा सगळ्यांना लिहितील, ही शक्यता धरून चला. त्यात एखादी नवी वस्तुस्थिती असेल, उदाहरणार्थ ‘मंगळवारी नाही, बुधवारी मिळालं’, तर तेवढ्याच मुद्द्याला एका ओळीत, तुमचा मंगळवारचा मूळ मेल जोडून उत्तर द्या. नवं काही नसेल, नुसता राग असेल, तर त्या साखळीत परत लिहू नका. प्लांट हेडना भेटून सांगा. तिसऱ्या फेरीत कोणीही जिंकलेलं मी पाहिलेलं नाही. त्याच्या आधीच वरचे लोक वाचणं सोडतात.

एवढं सगळं एकदा घडलेल्या गोष्टीसाठी झालं. तेच परत परत होत असेल, दर महिन्याला तुमचंच नाव असंच फिरत असेल, तर पद्धत बदलते. मग प्रत्येक मेल जपून ठेवा, तारीख आणि सीसीतल्या नावांसकट. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही, त्यात पाठवल्याची तांत्रिक माहिती राहत नाही. मूळ मेल `.eml` किंवा `.msg` फाइल म्हणून सेव्ह होतो, तो ठेवा. पण कंपनीचे मेल सरसकट स्वतःच्या खासगी जीमेलवर फॉरवर्ड करू नका. त्यात ग्राहकाचे दर, ड्रॉइंग गेले तर तक्रारदार तुम्ही असूनही गोपनीयतेच्या नियमाखाली चौकशी तुमचीच लागते. असे तीन-चार मेल जमले की एचआरकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

मेलमध्ये बाई म्हणून तुमच्यावर लैंगिक स्वरूपाची शेरेबाजी असेल तर तो शेड्यूलचा विषयच राहत नाही. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते, आणि तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची असते. समिती सबळ कारण असल्यास ती मुदत आणखी तीन महिने वाढवू शकते. तुम्ही सांगितलेल्या मेलमध्ये तसं काही नाही, म्हणून त्यात मी जास्त जात नाही.

एक गोष्ट मात्र लोक रागात लिहून बसतात: ‘मानहानीचा दावा टाकीन.’ हे उत्तरात घालू नका. मानहानी आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली येते आणि त्याला अपवाद आहेत. ज्याचा तुमच्यावर कायदेशीर अधिकार आहे त्याने कामाबद्दल प्रामाणिकपणे दिलेला ठपका मानहानी ठरत नाही, आणि अधिकार असलेल्या माणसाकडे प्रामाणिकपणे केलेली तक्रारही नाही. तुमचे मॅनेजर तुमचे थेट वरिष्ठ नाहीत आणि मेल १४ जणांना गेला, म्हणून वकील युक्तिवाद करू शकेल, पण शेड्यूल खरंच उशिरा गेलेलं असताना तो सोपा नाही. जी धमकी तुम्ही पुरी करणार नाही ती लिहिली की तुमच्या बाकीच्या मजकुराचंही वजन जातं.

शनिवारी तुमचा मेल गेल्यावर डायरेक्टर साहेबांकडून बहुतेक काहीच येणार नाही, किंवा नुसतं ‘नोटेड’ येईल. त्यातून बरा-वाईट अर्थ काढत बसू नका. संध्याकाळी सहाची गाडी गेटबाहेर पडली की त्याच साखळीत फक्त एवढं टाका: ‘२४० नग ६.१० ला निघाले, गाडी नंबर अमुक.’ रविवारी १६० चं तसंच. आणि सोमवारी चाकणचं नवीन शेड्यूल आलं की दोन तास मोजायला लागा.